जळिताचा केअर प्लॅन : मॅडमनी फ्लुइडवर काट मारली, पण उत्तर तर तेवढंच येतंय!

सुप्रिया_जीएनएम

नमस्कार मंडळी. मी सांगलीत जीएनएम करते. बर्न्सच्या पेशंटवर केअर प्लॅन लिहायचा होता. फ्लुइड, जखमेची काळजी आणि मानसिक आधार असे तीन भाग. केस मॅडमनीच दिली होती ती अशी:

वय ३२, वजन ६० किलो, गुऱ्हाळावरचा कामगार. काहिलीतून वाफ्यात गूळ ओतताना पाय घसरला आणि उकळता पाक अंगावर आला. वेळ सकाळी ६. उजवा हात पूर्ण, चहूबाजूंनी भाजलेला. छाती-पोटाचा उजवा अर्धा भाग आणि उजव्या पायाची पुढची बाजू भाजलेली. डावा हात नुसता लाल, फोड नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रिंगर लॅक्टेटची ५०० मिलीची एक बाटली गेली. मोठ्या दवाखान्यात पोचला सकाळी ९ वाजता. चेहरा वाचलाय, धूर गेलेला नाही.

मी नऊच्या नियमाने टक्केवारी काढली. दोन्ही हात ९ आणि ९, पुढच्या धडाचा अर्धा भाग ९, पायाची पुढची बाजू ९, एकूण ३६. मग चोवीस तासांच्या सलाईनचं पार्कलंड सूत्र, ४ मिली × वजन × टक्केवारी:

४ × ६० × ३६ = ८६४० मिली
निम्मे ८ तासांत = ४३२० मिली, म्हणजे तासाला ५४०

मॅडमनी पूर्ण भागावर काट मारली आणि खाली स्वतः लिहिलं, "५४८ मिली/तास". आता ५४० आणि ५४८ मध्ये असा काय फरक आहे? विचारलं तर म्हणाल्या, शोधून काढ. जखमेच्या भागाला दहापैकी पाच आणि मानसिक आधाराला दोन दिलेत, शेरा एकच: "हे सगळे पेशंट एकाच आईचे आहेत काय?" कुणी सांगेल का?

---

कृष्णाकाठ

ताई, डावा हात मोजायचाच नाही. नुसती लाली म्हणजे पहिल्या दर्जाचं भाजणं, ते टक्केवारीत येत नाही. म्हणजे २७ टक्के.

४ × ६० × २७ = ६४८०
निम्मे = ३२४०, भागिले ८ = ४०५

म्हणजे मॅडमचंही चुकलंय. उत्तर ४०५ यायला पाहिजे. आमच्या हॉस्पिटलात असंच करतो आणि दर दोन बाटल्या आरएलनंतर एक डीएनएस, म्हणजे साखरेचं सलाईन, लावतो, पेशंट उपाशी असतो म्हणून.

---

मिरजकर_सिस्टर

कृष्णाकाठ, २७ टक्के बरोबर. पुढचं नाही.

आठ तास दवाखान्याच्या दारापासून सुरू होत नाहीत, भाजल्या क्षणापासून होतात. माणूस सहाला भाजला, म्हणजे आठ तास दुपारी दोनला संपले. तो आपल्या हातात आला नऊला, म्हणजे उरले पाच तास. त्यातही आरोग्य केंद्रातली बाटली हिशोबात धरायची, ते पाणी काही दुसऱ्याच्या अंगात गेलेलं नाही.

३२४० − ५०० = २७४०
२७४० ÷ ५ = ५४८

सुप्रिया, तुझी टक्केवारी जास्त धरली गेली आणि वेळ चुकीच्या ठिकाणाहून मोजली गेली. दोन्ही चुका एकमेकींना उलट ओढत होत्या म्हणून आकडा जवळपास तोच आला. पण दुपारी दोननंतर बघ. खऱ्या हिशोबाने उरलेले ३२४० सोळा तासांत, म्हणजे तासाला साधारण २०० मिली. तुझ्या हिशोबाने ४३२० सोळा तासांत, म्हणजे २७०. रात्रभर दर तासाला ७० मिली जादा. सकाळपर्यंत लिटरभराहून जास्त पाणी विनाकारण गेलं असतं. मॅडमनी काट योग्य जागी मारलीये.

आणि डीएनएस पहिल्या चोवीस तासांत मोठ्या माणसाला लावू नका. भाजल्याच्या धक्क्याने साखर आधीच चढलेली असते. वरून डेक्स्ट्रोज दिलं की लघवीतून साखर जाते आणि ती आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. पिशवी भरलेली दिसते, आपण म्हणतो पेशंट छान आहे, आणि आतून तो कोरडा पडलेला असतो. लहान मुलांचं वेगळं, त्यांना आरएलशिवाय साखरेचं थोडं सलाईन लागतंच.

---

ज्योती_वाई

माझ्या आईच्या मनगटावर परवा दूध उतू जाऊन सांडलं. फोड आलाय, रुपयापेक्षा मोठा. वजन ५२. तर तिला वरच्या हिशोबाने किती सलाईन लावायला पाहिजे? आमचे डॉक्टर काही बोललेच नाहीत.

---

मिरजकर_सिस्टर

ज्योतीताई, अजिबात लावायला नको. आईचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण एक टक्का. तिचं एका टक्क्याच्याही आत आहे. मोठ्या माणसात साधारण पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे हा हिशोब सुरू होतो, त्याच्या खाली तोंडाने पाणी पिऊन भागतं. फोड फोडू नका, बांगड्या काढून ठेवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते बघा. हात सुजला, लाली वर चढायला लागली किंवा ताप आला तर दाखवा.

---

भूलवाला_कराड

मी भूलतज्ज्ञ आहे, बर्न्सचे पेशंट रात्री-अपरात्री माझ्याकडेही येतात. सिस्टरांचं गणित बिनचूक आहे, पण वाद घालायचा तर ५४८ वरही घालता येईल.

चारचा आकडा डॅलसच्या पार्कलंड हॉस्पिटलातल्या बॅक्स्टरांचा, १९६८ च्या सुमाराचा. आता बऱ्याच ठिकाणी मोठ्या माणसाला सुरुवात २ मिलीने करतात, आणि चार ठेवतात विजेच्या भाजण्याला. दोनने काढलं तर याच पेशंटचे चोवीस तासांचे ३२४०, निम्मे १६२०, त्यातून ५०० वजा, भागिले पाच. तासाला २२४. एकच पेशंट, एकच घड्याळ, आणि दोन सूत्रांत दुपटीहून जास्त फरक!

म्हणून सूत्र फक्त पहिल्या तासाचा वेग ठरवायला. त्यानंतरचा वेग लघवी ठरवते. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली, आणि ५० च्या वर सारखी जात असेल तर आपण जास्त ओततोय. सुप्रिया, केसमध्ये लघवीचे आकडे दिले होते का?

---

सुप्रिया_जीएनएम

हो सर, दिले होते. कॅथेटर घातल्यावर दहाला ४५, अकराला ७०, बाराला ९०, एकला ८५. मी ते इनटेक-आउटपुट चार्टमध्ये नीट लिहिलेत.

---

भूलवाला_कराड

लिहिलेत, पण वापरले नाहीत.

अकराला ७० दिसल्यावर वेग साधारण तिसऱ्या हिश्श्याने खाली आणायचा. ५४८ वरून ३६५ च्या आसपास. बाराला ९०, म्हणजे पुन्हा कमी, २४५. बघा, दुपारी बारापर्यंत आपण दोनच्या सूत्राच्या वेगाशी येऊन पोचलो. पेशंटनेच सांगितलं की त्याला चारची गरज नव्हती.

याच्या उलट, लघवी दोन तास ३० च्या खाली असेल तर वेग तेवढ्याच प्रमाणात वाढवायचा. बाटली दाबून एकदम रिकामी करायची नाही. ते पाणी रक्तवाहिनीत थांबतच नाही, गळून सुजेत जातं. एकदम देणं फक्त बीपी पडलं तर. आणि त्याआधी कॅथेटर वळलाय का, चिकटलाय का ते बघा.

---

कृष्णाकाठ

लघवी कमी असेल तर ती वाढवायला अर्धी अँप्युल लॅसिक्स का नाही द्यायची? आमचे आरएमओ देतात.

---

भूलवाला_कराड

कारण लघवी हा आपला काटा आहे. लॅसिक्सने काटा हलतो, वजन नाही. कोरड्या माणसातून अजून पाणी काढणं झालं ते.

---

मिरजकर_सिस्टर

डॉक्टरांच्या बोलण्यात वॉर्डातलं थोडं घालते, कारण परीक्षेत हे कुणी विचारत नाही.

तासाला ५४८ म्हणजे मिलीला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला १८० च्या वर थेंब. ते कुणाला मोजता येत नाहीत, धार लागते. पंप नसेल तर दोन जाड सुया, दोन लाइन, आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून तासाची खूण. पाचशेची बाटली पाऊण तासात संपली तर धावतेय, सव्वा तास लागला तर रेंगाळतेय. सुप्रिया, तुझ्या प्लॅनमध्ये "आयव्ही फ्लुइड अ‍ॅज पर ऑर्डर" एवढंच असेल तर तिथेही मार्क गेले असणार.

जादा पाणी गेल्याचं कसं कळतं? पोट फुगून कडक होतं, श्वास वर-वर येतो, आणि गंमत म्हणजे मग लघवीच कमी होते, कारण पोटातला दाब मूत्रपिंड दाबतो. नवी सिस्टर लघवी कमी बघून वेग वाढवते आणि आगीत तेल. म्हणून मोठ्या जळितात लघवीबरोबर पोटालाही हात लावायचा.

---

आष्टेकर_पाटील

आमचं गुऱ्हाळ हाय. केस वाचून अंगावर काटा आला. सिस्टर, एक विचारतो. पाक अंगावर आला की तो चिकटून बसतोय. आमचा जुना गुळव्या म्हणायचा, लगेच ओढून काढायचा, न्हाय तर आत शिजत राहतंय. कुणी शाई लावतंय, कुणी टूथपेस्ट. खरं काय करायचं?

---

मिरजकर_सिस्टर

पाटीलदादा, गुळव्याचं निम्मं खरं. चिकटलेला पाक आत शिजवत राहतो हे अगदी खरं, म्हणूनच गुऱ्हाळावरचं भाजणं चहा-पाण्याच्या भाजण्यापेक्षा खोल असतं. उकळतं पाणी शंभर अंशांचं आणि ते ओघळून जातं. गुळाचा पाक उतरवताना शंभराच्या बराच वर असतो, आणि जागचा हलत नाही.

पण ओढायचा नाही, ओढला की त्याच्याबरोबर कातडी येते. वाहतं गार पाणी सोडायचं, वीस मिनिटं. गुळाचं बरं आहे, तो पाण्यात विरघळतो. डांबराला लावतात तसं तेल लावत बसायला नको. बर्फ नको. अंगठी, कडं, मनगटाचा दोरा पहिल्या पाच मिनिटांत काढायचा, नंतर सुजेने निघत नाही. मग स्वच्छ धुतलेली चादर गुंडाळून गाडीत. या पेशंटएवढं भाजलं असेल तर पहाटेच्या थंडीत भिजवत ठेवायचं नाही, बाकीचं अंग झाकून ठेवा, नाही तर माणूस गारठतो. शाई, टूथपेस्ट, हळद काही नको. दवाखान्यात आम्हाला खालची कातडी कशी आहे तेच दिसत नाही, आणि ते खरवडून काढताना पेशंट ओरडतो.

सुप्रिया, आता तुझ्या जखमेच्या भागाकडे येते. काय लिहिलं होतंस?

---

सुप्रिया_जीएनएम

निर्जंतुक पद्धतीने ड्रेसिंग, सिल्व्हर सल्फाडायझीन दिवसातून दोनदा, इन्फेक्शनची लक्षणं बघणं, अँटिबायोटिक ऑर्डरप्रमाणे.

---

मिरजकर_सिस्टर

चुकीचं काहीच नाही, पण या पेशंटमध्ये सगळ्यात आधी ड्रेसिंग नाहीच. उजवा हात *चहूबाजूंनी* भाजलाय, हा शब्द मॅडमनी उगाच घातलेला नाही. खोल भाजलेली कातडी चामड्यासारखी कडक होते, ताणत नाही. आत आपण तासाला अर्धा लिटर ओततोय, हात सुजतोय. सूज बाहेर जाऊ शकत नाही, मग ती रक्तवाहिन्याच आवळते.

म्हणून पहिला दिवस दर तासाला त्या हाताची बोटं बघायची. नख दाबून सोडलं की रंग किती वेळात परत येतो, बोटं गार पडलीत का, मुंग्या येतात का, आणि बोट सरळ करताना नुसत्या भाजण्याला न शोभेल एवढं दुखतंय का. बोट वाचलं असेल तर ऑक्सिमीटर त्याच हाताला लावा, रेषा सपाट झाली की कळतं. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, ती सगळ्यात शेवटी जाते. हात उशांवर हृदयाच्या वर. तरी बिघडत चाललं तर सर्जनला उठवायचं. ते कडक कातडीला लांब चिरा देऊन हात मोकळा करतात. मध्यरात्र असली तरी. सकाळच्या राउंडची वाट बघितली तर हात जातो.

सल्फाडायझीन लावायचं तर आधी सल्फाची अ‍ॅलर्जी विचारायची. दोन-तीन दिवसांत त्याचा पांढरट-पिवळा लगदा जखमेवर बसतो. तो पू समजून घाबरू नका, आणि तो न धुता वर नवा थरही देऊ नका. बोटं प्रत्येक वेगळी गुंडाळायची, एकत्र गुंडाळली तर एकत्र चिकटतात. कोपर सरळ ठेवायचं, कारण वाकवून ठेवलेलं त्याला बरं वाटतं आणि तसंच ते आखडतं.

---

भूलवाला_कराड

पायावर पांढरट भाग आहे, दाबून रंग बदलत नाही, असं केसमध्ये असेल तर तिथे मलम किती दिवस लावणार? तो भाग आपोआप तीन आठवड्यांत भरत नाही, लवकर काढून कातडी लावलेली बरी. अर्थात पहिल्या दिवशीचा अंदाज दोन-तीन दिवसांत बदलतो. आज वरवरचं वाटलेलं खोल निघू शकतं.

फोडांबद्दल मात्र माझं आणि आमच्या सर्जनचं आजवर जमलेलं नाही. तो सगळे मोठे फोड काढतो. मी म्हणतो, सांध्यावरचे आणि फुटायला आलेले काढ, बाकीच्यांना निदान दोन दिवस राहू दे.

---

मिरजकर_सिस्टर

मी सर्जनच्या बाजूची. पाकाने आलेल्या फोडाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

---

कृष्णाकाठ

ताप आला की जखम बिघडली असं समजून अँटिबायोटिक वाढवायचं, हे तरी बरोबर ना?

---

मिरजकर_सिस्टर

एवढ्या जळितात ३८ चा ताप इन्फेक्शन नसतानाही असतो. जखम बघा. कालची गुलाबी जागा आज काळपट झाली, कडेची लाली चांगल्या कातडीत पसरली, हिरवट पाणी आणि गोडसर वास आला, किंवा पेशंट अचानक असंबद्ध बोलायला लागला, तर धावायचं. तेही आधी जखमेचा नमुना पाठवून.

---

सुप्रिया_जीएनएम

असंबद्ध बोलणं मी मानसिक भागात टाकलं होतं. "पेशंट गोंधळलेला, धीर दिला." केसमध्ये तिसऱ्या दिवशी तो रात्री उठून "काहील उतरवा, काहील उतरवा" म्हणतो असं होतं.

---

भूलवाला_कराड

दोन मार्क का मिळाले ते कळलं! तिसऱ्या दिवशीचा गोंधळ म्हणजे आधी ऑक्सिजन, सोडियम, साखर आणि जखम. आणि घरच्यांना एक साधा प्रश्न: रोज घेत होता का? रोजची दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, भास होतात. पेशंटला विचारलं तर "सणासुदीला" म्हणतो, म्हणून बायकोला वेगळं विचारा. हे सगळं नाही म्हटल्यावर मग मनाकडे वळायचं.

---

निलिमा_एमएसडब्ल्यू

मी दवाखान्यात समाजसेविका आहे. सरांचा क्रम मान्य, पण "मग" म्हणताना लोक डिस्चार्जच्या दिवशी आमच्याकडे पाठवतात, तेवढं नको.

सुप्रिया, "धीर दिला" म्हणजे तू नेमकं काय केलंस, हे मॅडम विचारतायत. शेरा त्यामुळेच आलाय. हा कोण माणूस आहे ते बघ. गुऱ्हाळावरचा, बहुधा हंगामाची उचल घेतलेला. त्याचा कामाचा हात गेलाय. त्याला रात्री झोप नाही ती चेहऱ्याच्या चिंतेने नव्हे, उचल फेडायची कशी याने असेल. त्याला "सगळं ठीक होईल" म्हटलंस तर तो मान डोलावेल आणि पुढच्या वेळेपासून तुझ्याशी बोलणार नाही. त्याऐवजी त्याला आणि त्याच्या भावाला सांग की कामावर झालेल्या अपघाताला कायद्याने नुकसानभरपाई मागता येते, आणि मला बोलव. माझ्या अनुभवात पहिली शांत झोप कधीकधी त्या संध्याकाळी लागते.

दुसरं, ड्रेसिंग. ट्रॉलीची चाकं वाजली की पेशंट थरथरायला लागतात, तुम्ही बघितलंय. तिथे बोलण्यापेक्षा वेळ पाळा. दुखण्याचं औषध आधी, त्याला चढायला वेळ द्या.

---

मिरजकर_सिस्टर

आणि ते शिरेतून. पहिल्या दिवसांत स्नायूत टोचलं तर सुजेत पडून राहतं, पेशंट दुखून ओरडतो, आपण पुन्हा टोचतो. मग सूज उतरली की सगळं एकदम रक्तात येतं आणि श्वास मंदावतो.

---

निलिमा_एमएसडब्ल्यू

हो. आणि वरची पट्टी त्यालाच सोडू द्या. डाव्या हाताने, हळू. "थांबा" म्हटलं की खरंच थांबायचं, अर्धा मिनिट का होईना. हात बघायचा की नाही हे त्याने ठरवायचं. पण पहिल्यांदा बघेल तेव्हा तिथे त्याच्या ओळखीची सिस्टर असावी.

आणि "यापेक्षा मेलो असतो तर बरं" असं म्हणाला तर विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का, कसा द्यायचा ते ठरवलंय का. विचारल्याने विचार पेरला जात नाही. हो म्हणाला तर त्याच पाळीत मानसोपचार डॉक्टरांना कळवायचं आणि त्याला एकटं ठेवायचं नाही.

केस बाईची असती तर अजून एक लिहायला लावलं असतं: भाजलं कसं, हे सासरची माणसं बाहेर गेल्यावर विचारा, आणि तिचे शब्द जसेच्या तसे नोंदवा.

---

सुप्रिया_जीएनएम

सगळ्यांचे आभार. प्लॅन पुन्हा लिहितेय. फक्त फ्लुइडमध्ये चार लिहू की दोन? परीक्षेत पार्कलंडच विचारतात.

---

भूलवाला_कराड

दोन लिहा.

---

मिरजकर_सिस्टर

चार लिही. खाली अकरा, बारा आणि एकच्या लघवीवर वेग किती केला ते लिही. एकचे ८५ आहेत, म्हणजे तिथेही कमी करावा लागला असता. किती, ते तू काढ.

---

आष्टेकर_पाटील

सिस्टर, चुलवाणापासून पंचवीस फुटांवर हौद हाय, पण त्यात जनावरं पाणी पितात. चालंल का?

---

मिरजकर_सिस्टर

बोअरचा पाइप तिथपर्यंत ओढून घ्या, दादा, आणि तोटी अशी बसवा की एका हाताने उघडेल.